मोजणी वाढली, रक्त वाढलं का?

बदलापूर-अंबरनाथकडच्या धावणाऱ्यांच्या गटात मलंगगडाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. रविवारी गडाच्या पायऱ्या धावत चढलो, तर ते ‘अल्टिट्यूड ट्रेनिंग’ धरायचं का? उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. चढाचा व्यायाम म्हणून मलंगगड उत्तमच. मांड्या भरून येतात, छाती धपापते, नाडी वर जाते. पण त्या धापेचा उंचीवरच्या विरळ हवेशी काही संबंध नाही. ती चढाची धाप आहे, आणि तेवढाच चढ बदलापूरच्या एखाद्या टॉवरच्या जिन्यात वीस वेळा वरखाली करून मिळवला तरी तीच लागेल.

विरळ हवा म्हणजे काय, हे आधी पाहू. उंचावर प्राणवायूचं प्रमाण घटत नाही. उल्हासनगरातही ते सुमारे २१ टक्के आणि लेहलाही तेवढंच. घटतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीचा दाब शंभर धरला, तर माथेरानला, म्हणजे सुमारे ८०० मीटरवर, तो ९१ च्या आसपास असतो. कळसूबाईच्या शिखरावर, १६४६ मीटरवर, ८२ च्या जवळ. उटीला, २२४० मीटरवर, ७६. लेहला ६५. दाब जितका कमी, तितका फुप्फुसातून रक्तात शिरणाऱ्या प्राणवायूमागचा रेटा कमी.

पण रक्तातलं हिमोग्लोबिन सहजासहजी प्राणवायू सोडत नाही. दाब थोडा उतरला तरी ते जवळजवळ भरलेलंच राहतं. एका मर्यादेखाली गेल्यावर मात्र भरती झपाट्याने घसरते. माथेरानच्या दाबावर तुमच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर तो घरच्याइतकाच किंवा एखाद्या टक्क्याने कमी आकडा दाखवेल. शरीराला काही कमी पडतंय असं वाटतच नाही. साधारण दोन हजार मीटरच्या पुढे ही कमतरता इतकी जाणवते की शरीर तिच्यावर उपाय करायला लागतं. महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक १६४६ मीटरचं असल्यामुळे आपल्या राज्यात अशी जागा नाही. सह्याद्रीचा अपमान करण्याचा हेतू नाही, पण या कामापुरता तो बुटका आहे.

शरीराचा उपाय मूत्रपिंडात सुरू होतो. तिथल्या काही पेशी रक्तातून मिळणाऱ्या प्राणवायूवर सतत लक्ष ठेवून असतात. तो कमी पडला की एरवी तयार होताच मोडून टाकलं जाणारं एक प्रथिन टिकून राहतं आणि एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, नावाच्या संप्रेरकाचं उत्पादन वाढवतं. पेशी प्राणवायूची ही चाहूल कशी घेतात हे शोधणाऱ्या सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन या तिघांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. ईपीओ हाडांच्या मगजाला सांगतं की तांबड्या पेशी जास्त बनव. मगज एरवीही दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त पेशी बनवत असतो, आता तो वेग आणखी वाढतो. उंचावर गेल्यावर ईपीओ काही तासांतच चढू लागतं, दीड-दोन दिवसांत शिखर गाठतं आणि मग हळूहळू उतरतं. पेशी तयार होऊन रक्तात यायला मात्र दिवस लागतात, आणि त्यांची मोजण्याजोगी भर पडायला आठवडे.

इथे एक मोठी फसगत होते. समजा, बदलापूरचा एक धावपटू उटीला गेला आणि चौथ्या दिवशी त्याने रक्त तपासलं. निघताना हिमोग्लोबिन १५ होतं, आता १६. तो खूश होऊन घरी फोन करतो. पण चार दिवसांत मगजाने एवढं हिमोग्लोबिन बनवणं शक्य नाही. झालं असं की उंचावर पोचताच शरीर लघवीवाटे पाणी सोडतं, कोरड्या हवेत श्वासातूनही पाणी जातं, आणि रक्तातला द्रव भाग आटतो. त्याच्या अंगात पाच लिटर रक्त होतं, म्हणजे ७५० ग्रॅम हिमोग्लोबिन. द्रव ३०० मि.लि.ने आटला की तेच ७५० ग्रॅम ४.७ लिटरमध्ये मावतं, आणि १०० मि.लि.मागे आकडा १६ च्या जवळ दिसतो. हिमोग्लोबिनमध्ये एका ग्रॅमचीही भर पडलेली नाही, फक्त रक्त दाट झालंय.

याच्या उलटही घडतं, आणि ते आपल्याकडे जास्त लोकांच्या वाट्याला येतं. नियमित लांब धावणाऱ्याच्या रक्तातला द्रव वाढतो. समजा, वर्षभराच्या सरावाने आपल्या धावपटूचं हिमोग्लोबिन ७५० वरून ७८० ग्रॅम झालं आणि रक्त पाचवरून ५.७ लिटर झालं. अहवालात आकडा येईल १३.७. घरचे म्हणतील, पळून पळून रक्त कमी करून घेतलं. प्रत्यक्षात त्याच्याकडे पूर्वीपेक्षा जास्त हिमोग्लोबिन आहे, शिवाय हृदयाला प्रत्येक ठोक्याला ढकलायला जास्त रक्त आहे. म्हणून दमाच्या खेळात प्रशिक्षकाला खरा रस असतो तो अंगातल्या एकूण हिमोग्लोबिनच्या ग्रॅममध्ये. रोजच्या तपासणीत मिळते ती घनता, आणि पातळ-दाट होण्याने ती हलत राहते.

हे एकूण वजन मोजायची एक पद्धत आहे. त्यात खेळाडूला अगदी मोजका कार्बन मोनॉक्साइड दोन मिनिटं श्वासातून दिला जातो. हा वायू हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो. किती वायू दिला आणि रक्तातल्या किती टक्के हिमोग्लोबिनला तो चिकटला, यावरून एकूण किती ग्रॅम आहे याचं गणित निघतं. वायू विषारी असल्यामुळे हे प्रयोगशाळेत, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होतं. गल्लीतल्या लॅबमध्ये ते मिळत नाही. सर्वसाधारण पुरुषाच्या अंगात किलोमागे ११ ग्रॅमच्या आसपास हिमोग्लोबिन असतं, तर अव्वल दमदार खेळाडूंमध्ये १४-१५ ग्रॅमपर्यंत. एक ग्रॅम हिमोग्लोबिन वाढलं की शरीर मिनिटाला सुमारे ४ मि.लि. जास्त प्राणवायू वापरू शकतं, हा संशोधकांचा ठोकताळा. पुढच्या हिशेबाला तो लागेल.

घनतेने फसणं ही एक गोष्ट झाली. तांबड्या पेशींच्या मोजणीने फसणं ही दुसरी, आणि तिच्यासाठी उल्हासनगरपेक्षा बोलकं गाव मिळणार नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं वसली आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. भारतातल्या ज्या समाजांत बीटा थॅलेसेमियाचा जनुक सरासरीहून जास्त आढळतो, त्यांत सिंधी समाज आहे. कच्छी, लोहाणा, पंजाबी आणि इतरही काही समाज आहेत. ज्याच्याकडे त्या जनुकाची एकच प्रत असते त्याला वाहक म्हणतात. तो आजारी नसतो. तो दुकान चालवतो, जिमला जातो, मॅरेथॉन धावतो.

अशा वाहकाचा अहवाल कसा दिसतो? एक नमुना घेऊ. हिमोग्लोबिन १२.३. तांबड्या पेशी घनमिलिमीटरला ६१ लाख, म्हणजे भरपूर. एमसीव्ही, म्हणजे एका पेशीचं सरासरी आकारमान, ६३; ते ८० च्या वर असायला हवं. मगज जोमाने पेशी बनवतोय, पण प्रत्येक पेशी लहान आणि तिच्यात हिमोग्लोबिन कमी. लोकलला पंधरा डबे जोडले पण प्रत्येक डबा अर्ध्या आकाराचा असला, तर डबे मोजून किती माणसं जातील ते कळणार नाही. ‘पेशी जास्त म्हणजे दम जास्त’ हे सूत्र इथे कोसळतं. प्राणवायू वाहतं ते हिमोग्लोबिन. पेशी ही फक्त त्याची पिशवी.

हाच अहवाल दुसऱ्या चुकीलाही जन्म देतो. हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोहाच्या गोळ्या सुरू. लोहाची कमतरता असलेल्या धावपटूचा नमुना शेजारी ठेवला तर फरक दिसतो: हिमोग्लोबिन ११.८, पेशी ४६ लाख, एमसीव्ही ७६. पेशी लहान आहेत, पण संख्याही कमी. डॉक्टर यासाठी एक सोपा भागाकार करतात. एमसीव्हीला दशलक्षांतल्या पेशीसंख्येने भागायचं. पहिल्याचं उत्तर ६३ भागिले ६.१, म्हणजे १०.३, दुसऱ्याचं ७६ भागिले ४.६, म्हणजे १६.५. उत्तर १३ च्या खाली आलं तर संशय थॅलेसेमियाच्या वाहकत्वाकडे, वर आलं तर लोहाच्या कमतरतेकडे. याला मेंट्झर निर्देशांक म्हणतात. हा फक्त इशारा आहे. पक्कं निदान एचपीएलसी तपासणीत हिमोग्लोबिन ए-२ किती आहे ते पाहून होतं, आणि शरीरात लोहाचा साठा किती हे फेरिटिन सांगतं. दोन्ही एकत्रही असू शकतं, तेव्हा भागाकार गोंधळतो. वाहकाच्या अंगात लोह पुरेसं असेल तर गोळ्यांनी पेशी मोठ्या होणार नाहीत, नुसतं लोह साठत जाईल. आणि धावण्यापलीकडची पण जास्त महत्त्वाची गोष्ट: नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. दम वाढवायला म्हणून काढलेल्या अहवालातून हे कळलं, तर त्या तपासणीचं चीज झालं.

आता पुन्हा डोंगरावर जाऊ. १९६८ चं ऑलिंपिक मेक्सिको सिटीत भरलं. त्या शहराची उंची २२४० मीटर, म्हणजे नेमकी आपल्या उटीएवढी. दहा हजार मीटरची शर्यत केनियाच्या नफ्ताली टेमूने २९ मिनिटं २७.४ सेकंदांत जिंकली. त्या वेळचा विश्वविक्रम २७ मिनिटं ३९.४ सेकंदांचा होता आणि तो ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कच्या नावावर होता. त्या दिवशी क्लार्क सहावा आला आणि शर्यत संपताच कोसळला. त्याच मैदानावर बॉब बीमनने ८.९० मीटरची लांब उडी मारली. विरळ हवा काही सेकंदांच्या खेळातली आडकाठी कमी करते आणि अर्ध्या तासाच्या खेळाचा गळा धरते, हे जगाने एकाच आठवड्यात पाहिलं. उंचावरच्या सरावाचा गंभीर अभ्यास तिथून पुढे वाढला.

अडचण लगेच लक्षात आली. रक्त वाढावं म्हणून खेळाडू डोंगरावर गेला, पण तिथे तो जोरात पळूच शकत नाही. हजार मीटर उंचीमागे प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सहा-सात टक्के घसरते, कसलेल्या खेळाडूंची तर जास्तच. समजा, सपाटीवर तो १००० मीटरचे तुकडे ३ मिनिटांत काढतो. उटीला त्याच कष्टात ३ मिनिटं १० सेकंद लागतात. नाडी तेवढीच, धाप तेवढीच, पण पाय मात्र संथ गतीची सवय लावून घेतात. महिन्याभराने तो जास्त रक्त आणि कमी वेग घेऊन खाली येतो, आणि घड्याळात दोन्हींची वजाबाकी होते.

अमेरिकेतल्या बेंजामिन लिव्हाइन आणि जेम्स स्ट्रे-गुंडरसन यांनी हा गुंता दोन भागांत सोडवला. माणूस उंचावर राहिला की रक्त वाढतं. स्नायूंचा जोर वेगाने पळाल्यावर वाढतो. मग राहायचं वर आणि पळायचं खाली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ३९ धावपटू होते, १३-१३ चे तीन गट. पहिला गट युटा राज्यात २५०० मीटरवर राहायचा आणि सरावाला १२५० मीटरवर उतरायचा. दुसरा वरच राहून वरच पळायचा. तिसरा सपाटीवरच. चार आठवड्यांनी पहिल्या दोन्ही गटांतल्या तांबड्या पेशींचं एकूण आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी आणि प्राणवायू वापरायची क्षमता सुमारे ५ टक्क्यांनी वाढली होती. पण पाच हजार मीटरची वेळ सुधारली ती फक्त ‘वर राहा, खाली पळा’ गटाची, सरासरी १३ सेकंदांनी. मला या प्रयोगातला दुसरा गट सर्वांत बोधक वाटतो. त्यांच्याकडे पहिल्या गटाएवढंच वाढीव रक्त होतं आणि तरी घड्याळ हललं नाही.

पुढे याच संशोधकांनी अव्वल धावपटूंवर थोडी सोयीची आवृत्ती वापरली. राहायचं वर, रोजचं हळू धावणंही वरच, आणि फक्त जोराचे सराव खाली. सत्तावीस दिवसांनी तीन हजार मीटरची वेळ सुमारे एक टक्क्याने सुधारली. आठ मिनिटांच्या शर्यतीत एक टक्का म्हणजे पाच सेकंद. हौशी माणसाला ते क्षुल्लक वाटेल. अंतिम फेरीत मात्र पाच सेकंदांत अर्धा डझन खेळाडू मावतात.

मराठी धावपटूंपैकी हे डोंगर ज्यांनी पायाखाली घातले त्यांत दोन नावं ठळक आहेत, आणि दोघंही तीन हजार मीटर स्टीपलचेसचे. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर उटीला सराव करायची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेआधी अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला होता. ते शहर १८०० मीटरहून उंचावर आहे. बर्मिंगहॅमला त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि त्याच वर्षी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो अकरावा आला. यात उंचीचा वाटा किती आणि प्रशिक्षक, स्पर्धा, अंगभूत गुण यांचा किती, हे कुणी वेगळं करून दाखवू शकत नाही.

साबळेबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. सैन्यात महार रेजिमेंटमध्ये असताना तो सियाचीनला होता, म्हणून त्याचा दम असा, वगैरे. गोष्ट ऐकायला छान आहे, पण शरीरशास्त्र तिला साथ देत नाही. सियाचीनच्या चौक्या पाच हजार मीटरच्या वरही आहेत. तेवढ्या उंचीवर रक्त वाढतं खरं, पण भूक मरते, झोप तुटते, स्नायू झिजतात, आणि रक्त इतकं दाट होऊ शकतं की हृदयालाच ते ढकलणं जड जातं. शिवाय खाली आल्यावर वाढीव पेशी काही आठवड्यांत कमी होतात. उंची जितकी जास्त तितका फायदा जास्त, असं नाही. संशोधकांनी वेगवेगळ्या उंचींवर गट राहायला ठेवून पाहिलं, तेव्हा शर्यतीच्या वेळेसाठी दोन हजार ते अडीच हजार मीटरचा पट्टा चांगला ठरला. त्याच्या खाली उत्तेजन अपुरं, वर ताण जास्त.

तर आता बदलापूरच्याच दुसऱ्या एका धावपटूला घेऊन खराखुरा हिशेब मांडू. वजन ६० किलो, किलोमागे १२ ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे एकूण ७२० ग्रॅम. तो रजा काढून २८ दिवस उटीला राहतो. सरावासाठी खाली उतरण्याचा वेळ वजा जाता रोजचे २० तास उंचीवर धरले, तर ५६० तास होतात. अनेक अभ्यासांचा गोषवारा सांगतो की उंचीवरच्या दर शंभर तासांमागे हिमोग्लोबिन साधारण एक टक्क्याने वाढतं. कागदावर साडेपाच टक्के झाले. आपण सावधपणे चार धरू. ७२० चे चार टक्के म्हणजे २९ ग्रॅम. ग्रॅममागे ४ मि.लि. या ठोकताळ्याने मिनिटाला सुमारे ११५ मि.लि. जास्त प्राणवायू. त्याची मूळची कमाल ३६०० मि.लि. असेल, तर ही वाढ तीन टक्क्यांची. घड्याळात ती एखाद-दीड टक्काच उतरते, कारण शर्यत केवळ रक्तावर पळत नाही.

आता यात काय काय बिघडू शकतं ते. सर्वांत सामान्य बिघाड लोहाचा. २९ ग्रॅम हिमोग्लोबिन बनवायला सुमारे १०० मि.ग्रॅ. लोह लागतं, कारण एका ग्रॅममध्ये ते साडेतीन मि.ग्रॅ.च्या जवळ असतं. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर मगजाला ईपीओची हाक ऐकू येते, पण हाताशी माल नसतो. म्हणून तपासणी निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, दीड-दोन महिने आधी करायची, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याने साठा भरायला वेळ मिळतो. धावणाऱ्या बायकांना आणि जेवणासोबत चहा घेणाऱ्यांना हे जास्त लागू. चहा अन्नातल्या लोहाचं शोषण अडवतो.

दुसरा बिघाड आजारपणाचा. सर्दी, पोट बिघडणं, दुखापत यांत शरीर लोह कोंडून ठेवतं आणि पेशींचं उत्पादन मंदावतं. ते ओळखायला यंत्र लागत नाही. पहिल्या आठवड्यात सकाळची नाडी घरच्यापेक्षा जास्त असणं स्वाभाविक आहे. दुसऱ्या आठवड्यातही ती खाली येत नसेल, वजन घटत असेल, सोप्या धावण्यालाही पाय जड वाटत असतील, तर तो माणूस रक्त कमावत नसून शरीर झिजवतोय. सराव निम्म्यावर आणणं हा त्यावरचा उपाय. पण रजेचे दिवस मोजणाऱ्याला तोच सर्वांत अवघड जातो.

तिसरी गोष्ट बिघाड म्हणावी की स्वभाव, कोण जाणे. एकाच छावणीत एकाचं हिमोग्लोबिन आठ टक्क्यांनी वाढतं आणि शेजारच्या खाटेवरच्याचं जवळजवळ नाही. काहींचं मूत्रपिंड त्या उंचीला फारशी दादच देत नाही. शिवाय उंचावर गेलोय या उत्साहाचाही परिणाम असतोच. २०१२ मध्ये एका प्रयोगात सायकलपटूंना चार आठवडे रोज १६ तास बंद खोल्यांत ठेवलं. काहींच्या खोलीत ३००० मीटरसारखी हवा, काहींच्या साधी, आणि कुणाच्या खोलीत काय ते खेळाडूंनाही ठाऊक नाही, संशोधकांनाही नाही. दोन्ही गटांत फरक निघाला नाही. त्या एका निकालाने सगळी पद्धत मोडीत निघत नाही, पण १३ सेकंदांचा आकडा वाचून उटीचं तिकीट काढणाऱ्याने तोही वाचावा.

परत आल्यावर शर्यत कधी पळावी यावर प्रशिक्षकांचं एकमत नाही. काही जण खाली आल्यावर दोन-तीन दिवसांतच खेळाडूला शर्यतीत उतरवतात, काही दोन-तीन आठवडे थांबतात. मधले दिवस बऱ्याच जणांना जड जातात. महिनाभराने कमाई ओसरलेली असते.

महिन्याची रजा कुणाला मिळते, हा प्रश्न उरतोच. म्हणून तंबू निघाले. फिनलंडमध्ये नव्वदच्या दशकात हवेत नायट्रोजन मिसळून प्राणवायूचं प्रमाण कमी केलेली घरंच बांधली गेली. त्याची छोटी आवृत्ती म्हणजे पलंगावरचा तंबू. २१ ऐवजी १५ टक्के प्राणवायू ठेवला की अडीच हजार मीटरची नक्कल होते. आपला धावपटू सकाळी सहाची लोकल पकडून मुंबईला जातो आणि रात्री नऊला घरी येतो. तंबूत झोपायला मिळतात आठ तास, २८ दिवसांचे २२४. शंभर तासांना एक टक्का धरून दोन टक्के. तेही मिळतील असं नाही, कारण दिवसाचे सोळा तास पुन्हा सपाटीची हवा मिळाल्यावर मूत्रपिंड निवांत होतं. अभ्यासांतून रोजचे बारा-चौदा तास तरी लागतात असं दिसतं. बंद तंबूत मे महिन्यात अंबरनाथच्या उकाड्यात झोप किती लागेल, हा हिशेब वेगळा. आणि जिममध्ये तोंडाला लावायचा काळा मास्क उंचीची नक्कल करतच नाही. त्यातून श्वास ओढायला जोर लागतो, पण आत येणाऱ्या हवेचा दाब तोच असतो, आणि तो व्यायामाच्या तासाभरापुरताच लावलेला असतो.

बदलापूरकडे मात्र एक गोष्ट आहे जी उटीकडे नाही: उन्हाळा. समुद्रापासून आत असल्यामुळे एप्रिलमध्ये इथला पारा मुंबईच्या पुढे जातो, चाळिशीही ओलांडतो. उष्णतेत सराव केला की आठ-दहा दिवसांत रक्तातला द्रव वाढतो आणि रक्त पातळ होतं. मूत्रपिंडाला हे पातळपण जाणवतं आणि ते ईपीओ वाढवून पेशींचं प्रमाण मूळ जागी आणायचा प्रयत्न करतं. मग मार्ग उलटा, पण गाव तेच. नॉर्वेत अव्वल सायकलपटूंना पाच आठवडे, आठवड्यातून पाचदा, ५० मिनिटं ३७-३८ अंशांच्या खोलीत हळू सायकल चालवायला लावली, तेव्हा एकूण हिमोग्लोबिन सरासरी चाळीसेक ग्रॅमनी वाढलं. आपण उटीसाठी धरलेल्या २९ ग्रॅमपेक्षा हा आकडा कमी नाही. अर्थात ते खेळाडू मुळातच मोठ्या अंगाचे होते.

याचा अर्थ बारवी धरणाच्या रस्त्यावर दुपारी दोनला पळावं असा नाही. त्या खोलीत खेळाडूंवर लक्ष ठेवायला माणसं होती, सायकल थांबवून उतरता येत होतं, आणि जोर जाणीवपूर्वक कमी ठेवला होता. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे ३५ अंशांतही शरीराचं तापमान भराभर चढतं. सकाळी ऊन तापायच्या आधी जोराचा सराव उरकून, संध्याकाळी पंखा बंद असलेल्या खोलीत घरच्या सायकलवर अर्धा-पाऊण तास गप्पा मारता येतील इतक्याच जोराने पाय मारणं, शेजारी कुणीतरी असणं, आधी आणि नंतर वजन करून गेलेलं पाणी मीठ-साखरेसह भरून काढणं, ही त्याची घरगुती आवृत्ती. घाम येणं थांबलं, अंगावर काटा आला, बोलणं अडखळलं की त्या क्षणी थांबायचं आणि अंगावर पाणी ओतायचं. पहिल्या पंधरा दिवसांत रक्त तपासू नये. आकडा खाली आलेला दिसेल, आणि तो तसाच यायला हवा.